जुना रिझ्युमे गेला, नव्यात टक्के उलटे: आता कोणाला काय कळवायचं?

*मी दारव्हा तालुक्यातली. मेकॅनिकलचा डिप्लोमा २०२३ ला झाला, मग नागपूरकडच्या एका कारखान्यात १४ महिने क्वालिटीत काम केलं. रविवारी रात्री बुटीबोरीच्या एका कंपनीच्या जाहिरातीतल्या मेलवर मोबाईलवरून क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी रिझ्युमे पाठवला. सकाळी पाहते तर जुनीच फाइल गेलेली. तिच्यात डिप्लोमा ‘अपिअरिंग’, नोकरीचा पत्ताच नाही अन् नंबर माझ्या बंद पडलेल्या सिमचा. घाबरून नवीन फाइल उघडली तर तिच्यात टक्के ७८.४१ चे ८७.४१ झालेले. हीच नवीन फाइल मी दहा दिवसांआधी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर चढवली आहे. सेतूवाले भाऊ म्हणतात, दुसऱ्या मेल आयडीवरून नव्यानं अर्ज टाकून दे. मैत्रीण म्हणते, गप्प राहा, मुलाखतीत सांगू. काय करू?*

*— एक वाचक, जि. यवतमाळ*

ताई, भाऊंचंही ऐकू नका आणि मैत्रिणीचंही. बुटीबोरीच्या कंपनीला आजच, त्याच मेलच्या खाली, दुरुस्तीचा एक मेल पाठवा. पोर्टलवाल्या कंपनीलाही कळवायचं आहे, पण तिथली वाट वेगळी आहे. मात्र हे दोन्ही करायच्या आधी अर्धा-पाऊण तास फाइलवर बसा, कारण दुरुस्ती एकदाच पाठवायची असते. सकाळी एक फाइल, दुपारी ‘यात अजून एक चूक राहिली’ म्हणून दुसरी, असं झालं तर समोरचा माणूस रिझ्युमे वाचतच नाही. तपासणीच्या कामासाठी अर्ज करणारी मुलगी स्वतःचं एक पान तपासू शकली नाही, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

आधी कोणती चूक कळवायची आणि कोणती सोडून द्यायची, ते ठरवू. संपर्काचा नंबर किंवा मेल चुकला असेल तर ते लगेच कळवायचं, यात विचार करण्यासारखं काही नाही. एचआरवाला एकदा फोन लावतो, लागला नाही तर यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो. तुमच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे फोन लागेलही, आणि उचलणारा ‘राँग नंबर’ म्हणून ठेवूनही देईल. तुम्हाला कधी कळणारच नाही की बोलावणं आलं होतं.

दुसरी जात आकड्यांच्या आणि तारखांच्या चुकांची: टक्के, पास झाल्याचं साल, नोकरीचे महिने, हुद्दा. इथं चूक कोणत्या बाजूला झुकते ते पाहायचं. ‘अपिअरिंग’ ही तुमच्या तोट्याची चूक आहे. ती राहिली तर पहिल्या चाळणीतच अर्ज बाजूला पडेल, पण तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही. ७८.४१ चे ८७.४१ ही तुमच्या फायद्याची चूक आहे, आणि तीच जास्त घातक. टायपिंगमध्ये आकडे उलटे पडले हे तुम्हाला माहीत आहे. मार्कशीट हातात घेऊन बसलेल्या माणसाला मात्र फक्त नऊ टक्के वाढवलेले दिसतात. तुमच्याकडून आधी कळलं तर ती टायपिंगची चूक ठरते, कागदपत्रांच्या तपासणीत सापडली तर खोटी माहिती. जाहिरातीत ६० टक्क्यांचीच अट असली आणि खऱ्या आकड्यावरही तुम्ही सहज बसत असलात, तरी हा फरक मिटत नाही. म्हणून मुलाखतीपर्यंत थांबायचं नाही.

तिसरी जात साध्या स्पेलिंगची. ‘responsible’ मधलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं, कुठं दोन स्पेस पडल्या, एखादी ओळ सरकली, तर काहीही कळवू नका. पुढच्या वेळेसाठी फाइलमध्ये दुरुस्त करून ठेवा. अपवाद एकच: चूक तुमच्या कामाच्या मुख्य शब्दात असेल तर. व्हर्नियर कॅलिपरच्या जागी ‘Vernier Clipper’ पडलं असेल तर क्वालिटीचा माणूस ते वाचून हसेल, आणि एचआरवाल्यानं संगणकात ‘caliper’ शोधलं तर तुमचं नाव वर येणार नाही. पण तेवढ्या एकट्या शब्दासाठीही मी मेल पाठवला नसता. दुसरं काही दुरुस्त करायचंच आहे तर त्याच फाइलमध्ये तेही होऊन जाईल.

आता फाइल. पहिल्यांदा जीमेलच्या `Sent` मध्ये जाऊन गेलेल्या मेलला जोडलेली फाइल तिथूनच उघडा. मोबाईलच्या डाउनलोडमधली नको, कारण तिथं `Resume.pdf`, `Resume(1).pdf` आणि `Resume final new.pdf` अशा चार असतील आणि कोणती गेली हे नावावरून कळणार नाही. बहुतेक गडबड इथंच होते. कॅफेवाला व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवतो, मोबाईल त्याच नावापुढे आकडा लावून ती ठेवतो, आणि मेलला जोडताना वर दिसते ती आपण उचलतो. गेलेली फाइल समोर ठेवून तिच्यात नेमकं काय चुकलंय ते कागदावर लिहा. ही यादीच पुढे मेलमध्ये जाणार आहे.

मग नवीन फाइल दुरुस्त करायला बसा, आणि डोक्यातल्या आकड्यांवरून नव्हे, मूळ कागदांवरून. शेवटच्या मार्कशीटवर टक्के जसे छापलेत तसेच, दशांशासकट. नोकरीच्या तारखा रुजू झाल्याच्या पत्रावरून आणि सोडल्याच्या पत्रावरून. तुमचा पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएन टाकून आत जा आणि `View` खाली `Service History` उघडा. तिथं रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि पडताळणी करणाऱ्या कंपन्याही हाच इतिहास मागतात.

हे पान उघडल्यावर एक गोष्ट नीट पाहा. तुम्ही विचारलेली नाही, पण एमआयडीसीत काम केलेल्या पुष्कळ पोरापोरींना नंतर हीच नडते. काम कारखान्यात केलं, पण पगार ठेकेदाराकडून होत असेल तर इतिहासात कारखान्याचं नाहीच, ठेकेदाराचं नाव दिसतं. रिझ्युमेत फक्त कारखान्याचं नाव लिहिलं असेल तर दोन्ही जुळत नाहीत. त्यामुळे दुरुस्त फाइलमध्ये दोन्ही नावं द्या: अमुक ठेकेदारामार्फत, अमुक कारखान्यात. तसंच १४ महिन्यांपैकी काही काळ तुम्ही अप्रेंटिस असाल तर तो वेगळा दाखवा. अप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही, त्यामुळे तो काळ ईपीएफओच्या पानावर दिसणारच नाही. जानेवारी २०२४ ते डिसेंबर २०२४ अप्रेंटिस आणि पुढचे दोन महिने ट्रेनी, असं असेल तर तसंच लिहा. १४ महिने ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’ लिहिलं असेल तर तीही दुरुस्तीच आहे, आणि आत्ताच करून टाकायची.

फाइल दुरुस्त करताना शक्यतो मूळ वर्ड फाइल हातात घ्या. कॅफे आणि सेतू केंद्रांवर बहुधा प्रिंट आणि पीडीएफच देतात, मूळ फाइल त्यांच्याच संगणकावर राहते. तिथं जाऊन ती `.docx` स्वतःच्या मेलवर पाठवून घ्या. पैसे मागितले तर द्या, पण घ्या. आणि ही फाइल त्यांनी आधीच्या गिऱ्हाइकाच्या रिझ्युमेवरच बनवलेली असण्याची शक्यता मोठी, तेव्हा दोन जागा हमखास तपासा.

पहिली जागा मेल आयडीची. वर्डमध्ये मेल आयडी निळ्या अक्षरात, खाली रेघ असलेला दिसतो ना, ती लिंक असते. तिच्यावरची अक्षरं बदलली तरी आतला पत्ता जुनाच राहू शकतो. कागदावर तुमचाच आयडी दिसतो, पण एचआरवाल्यानं त्यावर बोट ठेवलं की मेल आधीच्या गिऱ्हाइकाला उघडतो. त्या आयडीवर राइट क्लिक करा, `Edit Hyperlink` उघडा आणि `mailto:` च्या पुढचा पत्ता वाचा. लिंक काढूनच टाकली तरी चालते, साधी काळी अक्षरं पुरतात.

दुसरी जागा फाइलच्या पोटातली. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या पट्टीत काही वेळा फाइलचं नाव दिसत नाही, आत नोंदवलेलं शीर्षक दिसतं, आणि तिथं कुण्या भलत्याच मुलाचं नाव झळकत असतं. वर्डमध्ये `File`, मग `Info`, उजव्या बाजूला `Title` आणि `Author`. दोन्ही ठिकाणी आपलं नाव टाका आणि नव्यानं पीडीएफ काढा. बाहेरून फाइलचं नाव बदलून हे जात नाही.

शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी ओळ, खाली तारीख आणि ठिकाण असेल तर तीही बदला. जुन्या फाइलमध्ये तिथं २०२३ ची तारीख असेल, आणि नव्या फाइलमध्ये त्या ओळीच्या वर चुकीचे टक्के होते, हे विसरू नका. मला विचाराल तर ही ओळ काढून टाकलेलीच बरी. खासगी कंपनी ती मागत नाही आणि तिच्यासाठी दोन-तीन ओळींची जागा जाते. आधार नंबर लिहिला असेल तर तोही काढा, रिझ्युमेत त्याचं काही काम नाही.

पीडीएफ तयार झाली की तपासायची पद्धत अशी. ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवर पाठवा. त्यातल्या तुमच्या नंबरवर बोट दाबून कॉल लावा. तुमच्या हातातला फोन वाजला पाहिजे. नंबर दाबला जात नसेल तर पाहून हातानं लावा. मेल आयडीवर दाबून एक कोरा मेल पाठवा. तो तुमच्या इनबॉक्सला आला पाहिजे. मग भावाला किंवा बहिणीला मार्कशीट वाचायला सांगा आणि तुम्ही फाइलमधला आकडा बोटानं धरा. ‘अठ्ठ्याहत्तर’ असं नको, ‘सात, आठ, दशांश, चार, एक’ असं एकेक अंक म्हणत. आकडा उलटा पडलेला असला तरी डोळ्यांना आपलं मनातलंच दिसतं, म्हणून वाचणारा दुसरा हवा. हे सगळं झाल्यावर फाइलला नाव द्या: `Naav_Aadnav_Quality_Inspector.pdf` अशा धर्तीचं. `corrected`, `new`, `final` यांतला एकही शब्द नको. कंपनीच्या फोल्डरमध्ये ती तुमच्या नावानं राहणार आहे, तुमच्या चुकीच्या नावानं नाही.

आता बुटीबोरीचा मेल. गेलेला मेल परत ओढता येत नाही, हे आधी मान्य करू. जीमेलमध्ये पाठवल्यावर `Undo` येतं ते काही सेकंदांचंच. संगणकावरच्या `Settings` मध्ये ती मुदत ५, १०, २० किंवा ३० सेकंद ठेवता येते. ती ३० करून ठेवा. आपल्या भागात मात्र एक सवलत मिळते: रेंज नसेल तर मेल `Outbox` मध्ये अडकून राहतो, आणि तिथून तो काढून टाकता येतो. तुमचा तर कधीच पोचला आहे, तेव्हा पुढची पायरी.

`Sent` मधला तोच मेल उघडा आणि `Reply` दाबा. स्वतःच्याच मेलला उत्तर दिलं तरी जीमेल ‘To’ मध्ये कंपनीचा पत्ता आणतं, पण एकदा पाहून घ्या. `Forward` करू नका. फॉरवर्डमध्ये जुनी फाइल आपोआप सोबत जाते, म्हणजे एकाच मेलमध्ये चुकीची आणि बरोबर अशा दोन्ही, आणि घाईत उघडली जाईल ती बहुतेक पहिलीच. रिप्लायमध्ये जुनी जोडणी जात नाही, तुम्ही लावाल तेवढीच जाते. विषयाची ओळही बदलू नका. बदलली की मेल साखळीतून सुटतो आणि एचआरला एकाच मुलीचे दोन अर्ज दिसतात. दुरुस्तीची गोष्ट मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहायची.

मजकूर एवढाच पुरे:

> महोदय/महोदया,
>
> क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी रविवारी रात्री पाठवलेल्या मेलला माझा जुना रिझ्युमे चुकून जोडला गेला, त्याबद्दल क्षमस्व. योग्य रिझ्युमे या मेलसोबत आहे. कृपया तोच विचारात घ्यावा.
>
> दोन्हींतील फरक: मोबाईल क्रमांक बदलला आहे. मेकॅनिकल डिप्लोमा २०२३ मध्ये ७८.४१ टक्के गुणांनी पूर्ण झाला आहे. जानेवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळातील कामाचा अनुभव जोडला आहे.
>
> आपली,
> (पूर्ण नाव, चालू मोबाईल क्रमांक)

जाहिरात इंग्रजीत असेल तर मेलही इंग्रजीत लिहा, वाक्यं हीच आणि एवढीच. जाहिरातीत जागेचा क्रमांक असेल तर पदाच्या नावापुढे तो टाका. ‘फरक’ हा परिच्छेद मात्र गाळू नका. तो नसेल तर वाचणाऱ्याला दोन फाइली शेजारी उघडून कोडं सोडवावं लागतं, आणि ते कोणी सोडवत नाही. तो असला की फाइल न उघडताही नवा नंबर आणि अनुभव त्याच्या नजरेखालून गेलेला असतो. उलट लाईट गेली होती, मोबाईल नवीन होता, कॅफेवाल्यानं चुकीची दिली, यातलं काही लिहू नका. तुमच्या दृष्टीनं ते खरं असेल, पण त्यानं तिथं काही बदलत नाही आणि मेल लांबतो.

बुटीबोरीच्या मेलमध्ये उलट्या टक्क्यांचा उल्लेख करायची गरज नाही, कारण ८७.४१ वाली फाइल त्यांच्याकडे गेलेलीच नाही. दोन कंपन्यांच्या दोन चुका एकमेकींत मिसळू देऊ नका.

पाठवायच्या आधी जोडलेली फाइल मेलमधूनच उघडून पाहा, पाठवल्यावर `Sent` मधून पुन्हा एकदा. जाहिरातीत फोन नंबर असेल तर सकाळी अकराच्या सुमारास एक फोन करायला हरकत नाही, तुमचा जुना नंबर बंद आहे म्हणून. ‘अमुक पदासाठी रविवारी अर्ज केलाय, त्यात नंबर जुना गेला, दुरुस्त मेल आत्ता पाठवला आहे’, इतकंच बोलून ठेवून द्या. नंबर नसेल तर कंपनीचा लँडलाइन शोधत बसू नका.

पोर्टलची गोष्ट जरा किचकट आहे. तिथं तुमची माहिती दोन ठिकाणी असते: तुम्ही चढवलेली फाइल, आणि अर्जात रकान्यांत भरलेले टक्के, सालं, नंबर. काही पोर्टल फाइल चढवली की त्यातला मजकूर वाचून रकाने स्वतःच भरतात. तेव्हा लॉगिन करून आधी पाहा की टक्क्यांच्या रकान्यात काय आहे. तिथं ७८.४१ असेल आणि फाइलमध्ये ८७.४१, तर तुमचा स्वतःचाच अर्ज एकमेकांशी भांडतोय. दोन्हीकडे ८७.४१ असेल तर दोन्हीकडची दुरुस्ती हवी. नुसती फाइल बदलून रकाना बदलत नाही.

‘माझे अर्ज’ अशा अर्थाचं एक पान असतं, बहुधा `My Applications` नावाचं. त्यावर तुमच्या अर्जापुढे `Edit` किंवा `Update` दिसत असेल तर काम सोपं: बदला, जतन करा, बाहेर पडून पुन्हा आत जा आणि फाइल उघडून खात्री करा. ते दिसत नसेल आणि फक्त `Withdraw` असेल तर हात आवरा. अर्ज मागं घेऊन नवा भरू, हा विचार वाईट नाही, पण पुष्कळ पोर्टलवर एका जागेसाठी एकदाच अर्ज करता येतो आणि मागं घेतलेला अर्ज पुन्हा भरता येत नाही. आधी दोन गोष्टी पाहा: जाहिरात अजून उघडी आहे का, आणि `Withdraw` दाबल्यावर येणाऱ्या सूचनेत पुन्हा अर्ज करता येईल असं स्पष्ट लिहिलंय का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे जा. ती सूचना वाचून ‘Cancel’ करता येतं, घाबरू नका. सूचना न येता थेट अर्ज मागं जाईल अशी शंका असेल तर बटणाला हातच लावू नका.

तिसरी एक जागा फसवी असते: प्रोफाइल. प्रोफाइलमध्ये नवीन रिझ्युमे चढवला की वाटतं झालं. पण बहुतेक पोर्टलवर अर्ज करताना जी फाइल होती तीच त्या अर्जाला चिकटून राहते. प्रोफाइलमधली नवी फाइल पुढच्या अर्जांना लागते. प्रोफाइल दुरुस्त कराच, पण त्यावर विसंबू नका.

तेव्हा अर्जातच बदल होत नसेल तर मेल. अर्ज भरल्यावर जो पोचपावतीचा मेल आला असेल त्यात अर्जाचा क्रमांक असतो, तो उतरवून घ्या. त्या मेलला थेट उत्तर देण्याआधी पत्ता वाचा. `no-reply` ने सुरू होणारा असेल तर तुमचं उत्तर कोणी वाचणार नाही. मेलच्या तळाशी किंवा पोर्टलच्या मदतीच्या पानावर भरतीसाठीचा वेगळा पत्ता असतो, तिथं लिहा. विषयात अर्जाचा क्रमांक आणि पदाचं नाव, आणि आत तीन वाक्यं: अमुक तारखेच्या अर्जाला जोडलेल्या रिझ्युमेत डिप्लोमाचे टक्के ७८.४१ ऐवजी चुकून ८७.४१ टाइप झाले आहेत, बरोबर रिझ्युमे आणि मार्कशीटची प्रत सोबत आहे, कृपया अर्जात नोंद घ्यावी. इथं मार्कशीट मुद्दाम जोडायची, कारण चूक तुमच्या फायद्याची होती आणि ती तुम्ही पुराव्यासकट सांगताय. हा मेल जपून ठेवा. उद्या कोणी विचारलं तर त्यावरची तारीख तुमच्या बाजूनं बोलेल.

दुसऱ्या मेल आयडीवरून नवा अर्ज का नको, तेही सांगते. नाव, जन्मतारीख आणि मोबाईल तोच राहतो, आणि भरतीची सॉफ्टवेअरं अशा जोड्या पकडतात. मग एकाच मुलीच्या दोन नोंदी दिसतात, एकीत ७८.४१ आणि दुसरीत ८७.४१. आत्ता तुमच्या नावावर एक टायपिंगची चूक आहे; तेव्हा असं दिसेल की दोन वेगळे आकडे देऊन कोणता चालतो ते पाहिलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

हे सगळं खासगी नोकरीचं. सरकारी भरतीच्या ऑनलाइन फॉर्मला यातलं काही लागू नाही. तिथं रिझ्युमे नसतोच, रकाने असतात, आणि बदल करता येतो तो त्यांनी ठरवून दिलेल्या दुरुस्तीच्या मुदतीतच, तीही दिली असेल तर. स्टाफ सिलेक्शन कमिशन अशी मुदत देतं आणि पहिल्या दुरुस्तीला २०० रुपये, दुसरीला ५०० रुपये घेतं. तिथं मेल करून काही होत नाही, जाहिरात उघडून मुदतीच्या तारखा बघायच्या.

दोन्ही मेल गेल्यावर उत्तर येईलच असं नाही. दुरुस्तीच्या मेलला ‘मिळाला’ एवढंही कळवणारे एचआर थोडे. आठ दिवस गप्प राहा, आठवणीचा मेल पाठवू नका. मधल्या काळात मोबाईलमधल्या जुन्या फाइली काढून टाका: डाउनलोडमधल्या, आणि व्हॉट्सअॅपच्या चॅटमधल्याही, कारण जोडताना त्या पुन्हा वर येतात. एकच पीडीएफ गुगल ड्राइव्हवर ठेवा आणि दरवेळी तिथूनच जोडा.

मुलाखतीचं बोलावणं आलं तर दुरुस्त रिझ्युमेच्या दोन छापील प्रती सोबत न्या. समोरच्यांच्या हातात कोणती प्रत आहे ते बसताच बघा. जुनी असेल तर ‘सर, मी नंतर दुरुस्त प्रत मेल केली होती, ही घ्या’ म्हणून पुढे करा आणि मार्कशीट त्याच्या खाली ठेवा. त्यांच्याकडे आधीच नवी असेल तर विषय काढूच नका. निवड झाली की भरायला जो छापील फॉर्म देतात, त्यावर तुमची सही असते. त्यात टक्के, तारखा आणि ठेकेदाराचं नाव मार्कशीट आणि पत्रं समोर ठेवूनच भरा, रिझ्युमेवरून उतरवून नाही.